एकाच कंपनीत दोन उंबरठे

1988 सालच्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मॅरियट कॉर्पोरेशनचे एक अधिकारी, डॅन कोर्स, दरवर्षीचं एक काम करत होते. कंपनीच्या तीन विभागांसाठी पुढच्या वर्षाचे ‘हर्डल रेट’ सुचवायचे होते. हर्डल रेट म्हणजे उंबरठा. नव्या प्रकल्पाचा अपेक्षित परतावा तो ओलांडत असेल तर पैसे मिळतात, नाही तर फाईल परत जाते. हार्वर्ड बिझनेस स्कूलने या प्रसंगावर केस लिहिली आणि जगभरच्या एमबीएच्या वर्गांत ती वर्षानुवर्षं शिकवली गेली. कंपनी एक असताना उंबरठे तीन कशाला, हा त्या केसमधला खरा प्रश्न आहे.

मॅरियट म्हटलं की आपल्याला हॉटेलं आठवतात. पण 1987 मध्ये कंपनीच्या साडेसहा अब्ज डॉलरच्या विक्रीत हॉटेलांचा वाटा 41 टक्के होता. त्याहून मोठा, 46 टक्के वाटा होता कंत्राटी सेवांचा. विमानात मिळणारं जेवण, इस्पितळांची आणि कॉलेजांची कॅन्टीनं, कंपन्यांची उपाहारगृहं असा तो धंदा. उरलेले 13 टक्के रेस्टॉरंटच्या साखळ्यांचे. नफ्यात मात्र हॉटेलं पुढे. निम्म्याहून थोडा जास्त नफा तिथून यायचा, एक तृतीयांश कंत्राटी सेवांतून आणि बाकीचा रेस्टॉरंटमधून.

आता ही तीन कामं शेजारी ठेवून पाहा. हॉटेलची इमारत तीस-चाळीस वर्षं टिकते, तिच्यावर कर्ज मिळतं आणि वेळ आलीच तर ती विकताही येते. कॅन्टीनच्या कंत्राटामागे भांडी, गाड्या आणि माणसं सोडली तर तारण ठेवण्याजोगं फारसं काही नसतं. मॅरियटने स्वतःच ठरवलेलं कर्जाचं प्रमाण त्यामुळे विभागागणिक वेगळं होतं. हॉटेलांसाठी 74 टक्के, कंत्राटी सेवांसाठी 40 आणि रेस्टॉरंटसाठी 42. व्याजाचा हिशेबही एकाच पट्टीने होत नसे. हॉटेलांच्या दरात दीर्घ मुदतीच्या कर्जाचं व्याज धरत, बाकीच्या दोघांच्या दरात कमी मुदतीचं, कारण त्यांची मालमत्ता लवकर झिजते. एवढं वेगळं असताना तिघांना एकच दर लावला तर काय होईल?

त्यासाठी हा दर कशाचा बनतो ते आधी पाहू. गुंतवणूकदार आपला पैसा कंपनीत ठेवतो, तेव्हा तेवढ्याच जोखमीच्या दुसऱ्या ठिकाणी त्याला जे मिळालं असतं ते तो सोडून देतो. हे सोडलेलं उत्पन्न म्हणजे भांडवलाचा खर्च. इथे ‘तेवढ्याच जोखमीच्या’ हे शब्द महत्त्वाचे. बँक घरकर्जाला एक दर लावते आणि तारण नसलेल्या वैयक्तिक कर्जाला त्याहून चढा. तिच्याकडे येणारा ठेवीदारांचा पैसा एकाच तिजोरीतला असला, तरी तो कुठे चालला आहे यावर दर ठरतो. कंपनीतल्या पैशालाही हाच न्याय लागू आहे. पैसा कुणाकडून आला यावर दर ठरत नाही, तो कोणत्या कामात अडकणार यावर ठरतो.

हे तत्त्व तोंडाने सगळे मान्य करतात. बैठकीत मात्र वेगळंच ऐकू येतं. ‘आपल्याला बँक साडेआठ टक्क्यांनी देतेय, प्रकल्प अकरा टक्के देतोय, मग अडलं कुठे?’ बँकेने साडेआठचा दर दिला तो संपूर्ण कंपनीचा ताळेबंद बघून. त्यात जुन्या, स्थिर धंद्याची पत आहे. नवा धोक्याचा प्रकल्प ती पत वापरतो, पण तिचं भाडं भरत नाही. एकच दर वापरण्यातला घोटाळा मुळात हाच आहे, फक्त तो कोष्टकांत झाकला जातो.

मॅरियटसारख्या रचनेवर हिशेब करून पाहू. नफ्याचे हिस्से खऱ्याच्या जवळचे घेतो, हॉटेलं 50 टक्के, कंत्राटी सेवा 35, रेस्टॉरंट 15. जोखमीचे आकडे मात्र समजण्यापुरते, माझ्या पदरचे आणि गोल केलेले आहेत. करांचा भागही सोडून देतो.

जोखीम मोजायचं रूढ माप म्हणजे बीटा. शेअर बाजार 10 टक्के हलला आणि एखादा शेअर सरासरी 12 टक्के हलत असेल तर त्याचा बीटा 1.2. विभागाचा स्वतःचा शेअर बाजारात नसतो, म्हणून त्याच धंद्यातल्या, शक्यतो तेवढाच एक धंदा करणाऱ्या कंपन्या शोधायच्या. हॉटेल विभागासाठी हॉटेल कंपन्या, रेस्टॉरंटसाठी रेस्टॉरंट कंपन्या. इथे एक खड्डा आहे, आणि त्यात भले भले पडतात. समजा हॉटेल कंपनीच्या शेअरचा बीटा 1.2 दिसतो आणि रेस्टॉरंट कंपनीचा 1.0. चटकन वाटतं की हॉटेलचा धंदा जास्त धोक्याचा. पण हॉटेल कंपनीचं निम्मं भांडवल कर्जाचं आहे आणि रेस्टॉरंट कंपनीवर कर्जच नाही. कर्ज असलं की व्याज आधी जातं, आणि उरलेल्या नफ्याची सगळी चढउतार निम्म्या भांडवलाच्या मालकांवर येते. म्हणून शेअर दुप्पट हेलकावतो. कर्जाचा हा परिणाम काढून टाकला तर हॉटेलच्या मूळ धंद्याचा बीटा उरतो 0.6. रेस्टॉरंटचा 1.0 तसाच राहतो. म्हणजे धोक्याचा क्रम उलटला.

कंत्राटी सेवांच्या बाबतीत अडचण वेगळीच. तेवढंच काम करणाऱ्या तुलनेजोग्या कंपन्या बाजारात सापडत नव्हत्या. मग उलटा हिशेब करावा लागतो. संपूर्ण कंपनीचा बीटा हा तिन्ही विभागांच्या बीटांची भारित सरासरी असतो. कर्ज वगळून कंपनीचा बीटा 0.8 आहे असं धरू. हॉटेलांकडून 0.6 चे निम्मे म्हणजे 0.30, रेस्टॉरंटकडून 0.15, दोन्ही मिळून 0.45. उरलेले 0.35 कंत्राटी सेवांच्या 35 टक्क्यांतून यायला हवेत, म्हणजे त्यांचा बीटा 1.0. खरं तर या सरासरीत वजन द्यायला हवं विभागांच्या बाजारमूल्याचं. ते माहीत नसतं, म्हणून नफा किंवा मालमत्ता वापरतात. विक्रीचे हिस्से वापरले तर कंत्राटी सेवांचा वाटा 46 टक्के धरला जाईल आणि उत्तर बदलेल. केस शिकवणारे प्राध्यापक विद्यार्थ्यांना पकडतात ते बहुधा इथेच.

आता दर. 1988 च्या त्या एप्रिलमध्ये अमेरिकी सरकारचे तीस वर्षांचे रोखे सुमारे 9 टक्के देत होते. बाजाराची जोखीम पत्करण्याबद्दल त्यावर 6 टक्के जास्त हवेत असं धरू. मग हॉटेलांचा उंबरठा झाला 9 अधिक 6 गुणिले 0.6, म्हणजे 12.6 टक्के. कंत्राटी सेवा आणि रेस्टॉरंटचा 15 टक्के. आणि सगळ्या कंपनीला एकच दर लावला तर 13.8.

दोन प्रस्ताव समितीपुढे येतात. दोन्हींत 100 रुपये गुंतवायचे आहेत आणि दोन्ही दीर्घकाळ चालणारे. हॉटेल वर्षाला 13 रुपये देणार, कंत्राटी सेवांचा प्रकल्प 14 रुपये 40 पैसे. समिती 13.8 च्या दराने भागते. हॉटेलची किंमत येते 94 रुपये, प्रकल्प नामंजूर. कंत्राटी प्रकल्पाची येते 104, मंजूर. आपापल्या दराने भागलं असतं तर हॉटेलचे आले असते 103 आणि कंत्राटी प्रकल्पाचे 96. दोन्ही निर्णय उलटे पडले. तरी कागदावर एकही चूक दिसत नाही. बेरजा बरोबर, भागाकार बरोबर, सह्या जागच्या जागी.

यापुढचं मला जास्त चिंताजनक वाटतं. अशा निर्णयांची दहा वर्षं गेली की पैसा धोक्याच्या विभागाकडे वाहत जातो. समजा हॉटेलांचा हिस्सा निम्म्यावरून एक तृतीयांशावर आला. आता कंपनीची सरासरी 14.2 होते. पूर्वी 13.9 टक्के देणारं हॉटेल जेमतेम पास होत असे, आता तेही नापास. सुरक्षित विभाग अजून आक्रसतो, सरासरी अजून चढते. विभागप्रमुख म्हणतात, ‘आमच्या धंद्यात आता वाढच उरली नाही.’ खरं तर वाढ होती, उंबरठा त्यांचा नव्हता. संचालक मंडळाच्या बैठकीत याला ‘बदलती धोरणात्मक दिशा’ म्हटलं जातं, आणि ती दिशा कुणीच ठरवलेली नसते.

हे केवळ फळ्यावरचं गणित नाही. फिलिप क्रूगर, ऑगस्टिन लँडिएर आणि डेव्हिड थेस्मार या तिघा अभ्यासकांनी 2015 मध्ये ‘जर्नल ऑफ फायनान्स’मध्ये नेमकं हेच तपासलं. अनेक धंदे करणाऱ्या कंपन्यांत, ज्या विभागाच्या उद्योगाचा बीटा कंपनीच्या मुख्य धंद्याच्या बीटाहून जास्त, त्या विभागात गुंतवणूक जास्त होते असं त्यांना आढळलं. विभाग छोटा असेल तर हा कल अधिक ठळक. मला हे पटण्यासारखं वाटतं. छोट्या विभागासाठी वेगळा दर काढायचा त्रास कोण घेणार? वेगळ्या धंद्यातली कंपनी विकत घेतानाही हा फरक शेअर बाजाराच्या नजरेतून सुटत नाही, असं त्यांचे आकडे सांगतात. विकत घेणाऱ्याचा बीटा लक्ष्य कंपनीपेक्षा जास्त असेल, तेव्हा घोषणेनंतर त्याच्या भागधारकांच्या पदरात तुलनेने जास्त पडतं.

त्याआधी 2001 मध्ये जॉन ग्रॅहॅम आणि कॅम्पबेल हार्वे यांनी 392 कंपन्यांच्या वित्तप्रमुखांना विचारलं होतं की परदेशातल्या नव्या बाजारपेठेतला प्रकल्प तपासताना तुम्ही कोणता दर वापरता. सुमारे 59 टक्क्यांनी सांगितलं की आम्ही नेहमी किंवा जवळजवळ नेहमी सबंध कंपनीचाच दर वापरतो. यातल्या बहुतेकांनी पाठ्यपुस्तक नक्कीच वाचलेलं असणार.

मग ते असं का करतात? आळस हे उत्तर सोपं आहे, पण पुरेसं नाही. एक दर असला की भांडण नसतं. दोन दर झाले की मुख्यालयाला ‘तुमचा धंदा धोक्याचा आहे’ असं एका विभागप्रमुखाच्या तोंडावर सांगावं लागतं, आणि त्याचा बोनस त्या आकड्यावर अवलंबून असेल तर तो गप्प बसत नाही. तो तुलनेच्या कंपन्यांची स्वतःची यादी घेऊन येतो, त्यात सोयीच्या तेवढ्या कंपन्या असतात. किंवा प्रकल्पाची जात बदलतो. हॉटेलच्या आवारातलं मोठं रेस्टॉरंट कोणत्या विभागाचं? 12.6 च्या रकान्यात बसवलं तर मंजूर, 15 च्या रकान्यात बसवलं तर नामंजूर. तुलनेच्या कंपन्यांची यादी मुख्यालयाने वर्षाच्या सुरुवातीलाच, एकही प्रस्ताव समोर नसताना, पक्की करावी. कोणता प्रकल्प कोणत्या रकान्यात जाईल हे मांडणाऱ्या विभागाने ठरवू नये. याने भांडण थांबत नाही, पण ते वर्षातून एकदाच होतं.

दुसरी चूक उलट्या दिशेची. वेगळे दर ठेवायचं ठरलं की प्रत्येक भीती दरात घुसवायचा मोह होतो. परवाना मिळेल की नाही याची खात्री नाही, दोन टक्के वाढवा. विक्रीचे अंदाज फुगवलेले वाटतात, आणखी तीन वाढवा. तेलविहिरीचं उदाहरण इथे वित्तशास्त्रात नेहमी दिलं जातं. विहीर कोरडी निघण्याची शक्यता मोठी असते, पण ती जमिनीखालच्या खडकावर अवलंबून आहे, शेअर बाजारावर नाही. शंभर ठिकाणी पैसे लावणारा गुंतवणूकदार हा धोका आपोआप विरघळवतो. तो दरात येत नाही, अंदाजित उत्पन्नात यायला हवा. दहात तीनच विहिरी लागणार असतील तर उत्पन्न तीन दशांश धरा आणि दर तेलधंद्याचा लावा.

दरात घुसवलेली भीती आणखी एका कारणाने घातक ठरते. ती काळाबरोबर चक्रवाढ होते. 13 टक्क्यांचा दर 18 केला तर पहिल्या वर्षाच्या उत्पन्नाची आजची किंमत सुमारे 4 टक्के कमी होते, पण दहाव्या वर्षाच्या उत्पन्नाची 35 टक्के. परवान्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत संपणारा होता, शिक्षा मात्र दहाव्या वर्षाला जास्त झाली. आशावादी अंदाजाला अंदाजातच कात्री लावावी. दर हा बाजारातल्या जोखमीपुरता ठेवावा.

आणि हे सगळं किती काटेकोर असू शकतं? फारसं नाही. युजीन फामा आणि केनेथ फ्रेंच यांनी 1997 मध्ये अमेरिकेतल्या वेगवेगळ्या उद्योगांच्या भांडवलखर्चाचे अंदाज किती भरवशाचे आहेत ते तपासलं. प्रमाणित चूक वर्षाला तीन टक्क्यांहून जास्त निघाली. म्हणजे मी वर दशांशापर्यंत काढलेला 12.6 हा आकडा खऱ्या जगात तितका टोकदार नसतो. एखादा सल्लागार नऊ विभागांचे नऊ दर दोन दशांश स्थळांपर्यंत काढून देत असेल, तर त्याला बीटा कुठून आणला ते शांतपणे विचारावं. माझ्या मते बहुतेक कंपन्यांना दोन किंवा तीन पायऱ्या पुरतात. दोन पायऱ्यांमधलं अंतर दोन टक्क्यांपेक्षा कमी ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

दर कुठे वेगळा करून उपयोग आहे हे प्रकल्पाच्या आयुष्यावरूनही कळतं. तीन वर्षांच्या कॅन्टीन कंत्राटाला 15 ऐवजी 12.6 लावला तर त्याच्या उत्पन्नाची किंमत चार टक्क्यांनी इकडची तिकडे होते. विक्रीच्या अंदाजातली चूकच याहून मोठी असते. तीस वर्षं तेवढंच उत्पन्न देणाऱ्या इमारतीला 12.6 ऐवजी 15 लावला तर किंमत जवळजवळ 15 टक्क्यांनी घसरते. म्हणून वेळ कमी असेल तर सुरुवात दीर्घायुषी मालमत्तेपासून करावी.

वेगवेगळ्या जोखमीला वेगळा परतावा ही कल्पना आपल्याकडे एका ठिकाणी चक्क नियमांत लिहिलेली सापडते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या 2015 च्या बहुवर्षीय वीजदर विनियमांत वितरण कंपनीच्या कामाचे दोन भाग केले आहेत, एक तारांचं जाळं सांभाळण्याचा आणि दुसरा ग्राहकाला वीज पुरवण्याचा. तारांच्या भागावर मालकांच्या भांडवलाला 15.5 टक्के परतावा धरला, पुरवठ्याच्या भागावर 17.5. कंपनी तीच, कार्यालय तेच, बिलही एकच. पण ग्राहकाकडून वसुली करायची ती पुरवठ्याच्या बाजूला. हा फक्त मालकांच्या भांडवलावरचा परतावा आहे, कर्ज मिळून काढलेला एकत्रित दर नव्हे, आणि तो बाजाराने नाही तर आयोगाने ठरवला. तरीही तत्त्व तेच.

मॅरियटने पुढे या वेगळेपणाला कायद्याचंच रूप दिलं. ऑक्टोबर 1992 मध्ये कंपनीने स्वतःचे दोन तुकडे करण्याची घोषणा केली आणि वर्षभराने ते झाले. हॉटेलं चालवण्याचा धंदा मॅरियट इंटरनॅशनलकडे गेला. इमारती, जमिनी आणि बहुतांश कर्ज होस्ट मॅरियटकडे राहिलं. घोषणा होताच रोखेधारक खवळले आणि काही जण कोर्टातही गेले, कारण त्यांनी कर्ज दिलं होतं ते सबंध कंपनीच्या पतीवर. आता त्यांच्या वाट्याला एकच बाजू येत होती. कंपनी एकत्र असताना सुरक्षित आणि धोक्याच्या कामांची पत एकमेकांत किती मिसळलेली असते, ते त्यांच्या संतापातून दिसतं.

आपल्या कंपनीत हा दोष आहे का, हे पाहायला बीटा काढण्याची गरज नाही. गेल्या पाच वर्षांचे मंजूर आणि नामंजूर प्रस्ताव विभागवार मांडावेत. एका विभागाचे प्रस्ताव वारंवार थोडक्यात नापास होत असतील, आणि दुसऱ्याचे थोडक्यात पास होऊन नंतर अंदाजापेक्षा कमी कमावत असतील, तर उंबरठ्यावर संशय घ्यायला जागा आहे. पहिल्या विभागातून नवे प्रस्ताव येणंच थांबलं असेल, तर आधी त्याच विभागाचा दर तपासावा. पडणारच हे माहीत असलेला प्रस्ताव कोणताही व्यवस्थापक लिहीत बसत नाही, त्यामुळे सर्वांत मोठं नुकसान त्या यादीत दिसतच नाही. ते शोधायचं तर त्याच धंद्यातल्या स्वतंत्र कंपन्या गेल्या पाच वर्षांत कशात पैसे घालत होत्या, ते बघावं लागतं.